वडिलांची सही, मित्राचं कर्ज

वर्षश्राद्ध होऊन गेलेलं असतं. सातबाऱ्यावर वारस नोंद लागलेली असते, बँकेतली ठेव आईच्या खात्यात आलेली असते, आणि घर हळूहळू सावरू लागलेलं असतं. अशा वेळी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन येतो. आत एका बँकेची नोटीस: ‘आपण मयत जामीनदाराचे कायदेशीर वारस असल्याने थकीत रक्कम रुपये १३ लाख ६० हजार पंधरा दिवसांत भरावी.’ कर्ज वडिलांच्या मित्राच्या दुकानाचं. घरात कुणालाच त्याची कल्पना नसते. वडिलांनी कधीतरी मित्राबरोबर जाऊन सही केली होती, एवढंच आईला अंधुक आठवतं.

वकिलीच्या इतक्या वर्षांत अशी पाकिटं घेऊन आलेली बरीच कुटुंबं मी पाहिली. त्यातली निम्मी माणसं ‘वडील गेले, त्यांच्याबरोबर जामीनकीही गेली’ असं धरून नोटीस बाजूला ठेवून देतात. उरलेली ‘बापाचं देणं मुलानं फेडायलाच हवं’ म्हणून स्वतःच्या पगारावर कर्ज काढायला निघतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत मोठी आहे. मला जास्त वाईट दुसऱ्यांचं वाटतं, कारण जे त्यांनी देणं लागत नव्हतं तेही ते देऊन बसतात.

बापाच्या जामीनकीचं मुलानं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत जामीनकीला प्रातिभाव्य म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्जदाराला हजर करण्याची हमी, तो विश्वासू असल्याची हमी, आणि त्यानं दिलं नाही तर मी देईन ही हमी. पहिल्या दोन प्रकारांत जामीनदार मेला तर मुलांवर काही येत नाही, तिसऱ्यात येतं. महाराष्ट्रात मिताक्षरेचा कायदा चालत आला आणि ती या स्मृतीवरचीच टीका, त्यामुळे हा विचार आपल्या घराघरांत मुरला. मात्र हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं, ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांसाठी, केवळ पुत्रधर्म म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली करण्याचा धनकोचा हक्क संपवला. तेव्हा आजच्या जामीनकीपुरता प्रश्न वडिलांनी मागे काय ठेवलं, एवढाच उरतो.

जामीनकी मृत्यूनं पुसली जात नाही, हे आधी मान्य करू. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ३७ प्रमाणे माणसानं दिलेलं वचन त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या प्रतिनिधींवर बंधनकारक राहतं. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी मित्राचं दुकान विका, मग आमच्याकडे या, असं तो बँकेला सांगू शकत नाही. पण ‘प्रतिनिधींवर बंधनकारक’ याचा अर्थ किती, ते दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. हुकूमनामा झाल्यावर माणूस गेला तर कलम ५०, आणि तो आधीच गेला असून दावा वारसांवर झाला तर कलम ५२. दोन्हींचा गाभा एक. मृताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली आणि जिची त्यानं रीतसर विल्हेवाट लावलेली नाही, तेवढ्यापुरतंच वारसाचं देणं. सहकारी संस्थांची वसुली ज्या नियम १०७ खाली होते, त्यातही हीच मर्यादा आहे.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी मोजतात ते एका उदाहरणावरून पाहू. कुटुंब मी कल्पनेतलं घेतो आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील मी कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेला आहे.

कराड तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक. २०१८ साली त्यांच्या मित्रानं हार्डवेअरच्या दुकानासाठी नागरी सहकारी बँकेकडून दहा लाखांची कॅश क्रेडिट घेतली. जामीनदार दोन: हे गुरुजी आणि मित्राचा मेहुणा. मार्च २०२२ मध्ये गुरुजी गेले. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, एक मुलगा, एक विवाहित मुलगी. डिसेंबर २०२२ मध्ये मित्राचं दुकान बंद पडलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ती नोटीस आली.

मुलानं पहिल्यांदा घाबरून घरात जे जे आहे ते सगळं मोजलं: शेत, राहतं घर, ठेवी, आईची पेन्शन, विम्याचे आलेले पैसे. इथेच पहिली चूक होते. घरात असलेलं सगळं वडिलांचं नसतं. राहतं घर आईच्या नावावर आहे आणि ते तिनं परिचारिकेच्या नोकरीतल्या पगारातून घेतलं, त्याची कर्जफेडीची पासबुकं आहेत. ते यात येत नाही. आईला मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम ही तिची स्वतःची आहे. ती मृताच्या इस्टेटीचा भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. विम्याची पॉलिसी गुरुजींनी काढतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे केली होती. अशी पॉलिसी विश्वस्त निधी मानली जाते आणि पतीच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. एजंटानं फॉर्मवर एक जादा सही घेतली होती, त्या सहीनं हे पैसे वाचले.

नुसतं नॉमिनेशन मात्र असं कवच देत नाही. बँकेतल्या ठेवीला आई नॉमिनी होती, म्हणून ती ठेव आईची झाली, असं कुटुंबाला वाटत होतं. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा. ते पैसे मृताच्या वारसांचे आणि त्यांच्याआधी त्याच्या धनकोंचे. म्हणून अडीच लाखांची ठेव यादीत आली.

शेताचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. दोन एकर जमीन आजोबांकडून आलेली, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची, आजच्या भावानं २४ लाखांची. सातबाऱ्यावर एकट्या गुरुजींचं नाव, म्हणून बँकेच्या वसुली अधिकाऱ्यानं पूर्ण जमीन धरली. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे मृत्यूच्या क्षणाआधी कुटुंबात वाटणी झाली असं मानायचं आणि त्या वाटणीत मृताला जे आलं असतं तेवढंच त्याचं. मुलगा आणि मुलगी आता समान हिस्सेदार आहेत. आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बाप-मुलांत वाटणी होते तेव्हा आईलाही एक हिस्सा मिळतो; अशा मानीव वाटणीतही तिचा हिस्सा प्रत्यक्ष मिळाल्यासारखाच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हिराबाई मगदूम यांच्या खटल्यात ठरवलं. म्हणजे चार हिस्से. गुरुजींचा एक चतुर्थांश, सहा लाखांचा. बाकी अठरा लाखांची जमीन आई, मुलगा आणि मुलीची स्वतःच्या हक्कानं आहे; ती वडिलांकडून वारसानं आलेलीच नाही. सातबाऱ्यावरचं एक नाव पाहून घाबरलेल्या कुटुंबाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी, आणि बहुतेक वेळा ती कुणीच सांगत नाही.

तर यादी अशी झाली. शेतातला हिस्सा सहा लाख, ठेव अडीच लाख, बचत खात्यात तीस हजार, जुनी मोटारसायकल वीस हजार. एकूण नऊ लाख. त्यातून रीतसर गेलेलं वजा करायचं. शेवटच्या आजारपणाचं दवाखान्याचं बिल एक लाख दहा हजार, अंत्यसंस्कार आणि दिवसकार्याचा बेताचा खर्च चाळीस हजार, आणि शिक्षकांच्या पतसंस्थेत गुरुजींचं स्वतःचं कर्ज होतं ते दीड लाख फेडलं. तीन लाख गेले, सहा लाख उरले. बँकेची मागणी साडेतेरा लाखांच्या पुढे असली तरी या तिन्ही वारसांकडून मिळून सहा लाखांपलीकडे तिला जाता येत नाही. मुलाचा पगार, त्यानं पुण्यात घेतलेला फ्लॅट, जावयाचं घर यांचा याच्याशी संबंध नाही. तिघांना सारखं आलं असेल तर प्रत्येकाची मर्यादा दोन-दोन लाखांची.

इथे ‘सहा लाख’ हा आकडा समजण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवावं. शेतातला हिस्सा अजून विकलेला नसेल तर बँकेचा हात त्या हिश्श्यावरच पडतो आणि लिलावात तो जे देईल ते. उद्या शेजारून रस्ता गेला आणि भाव वाढला तर वाढीव किंमतही त्यातच. वारसांना जमीन वाचवायची असेल तर त्या हिश्श्याची किंमत भरून ती सोडवण्याची बोलणी करावी लागतात.

आता ही मर्यादा कशी फुटते तेही सांगतो. मालमत्ता हाती आली आणि पुढे तिचं काय झालं, याचा हिशेब द्यायची जबाबदारी वारसावर असते. कलम ५२ चा दुसरा भाग असा की, मृताची मालमत्ता वारसाच्या ताब्यात उरलेली नसेल आणि ती योग्य कारणी लावल्याचं तो न्यायालयाला पटवू शकला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती दरखास्त त्याच्यावर व्यक्तिशः चालते. मग पगारही येतो आणि फ्लॅटही. गुरुजींच्या मुलानं अडीच लाखांच्या ठेवीतून स्वतःच्या गाडीचा हप्ता भरला असता तर ते अडीच लाख त्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागले असते. दवाखान्याचं बिल फेडलं, पण पावती फेकून दिली, तरी तीच गत. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यातच एक साधी वही घालावी. डाव्या पानावर त्यांचं काय आलं, उजव्या पानावर त्यातून काय गेलं, आणि पावत्या त्याच वहीत डकवाव्यात. गोव्यात वारसाहक्काच्या इन्व्हेंटरी प्रक्रियेत मालमत्तेची आणि देण्यांची यादी न्यायालयासमोर होते. आपल्याकडे ती सक्तीची नाही, म्हणून ती वही आपणच घालायची.

मुलीनं हक्कसोडपत्र करून दिलं तर? बहिणीनं भावाच्या नावे हक्क सोडला की ती मोकळी झाली आणि जमीनही कर्जातून सुटली, असा समज आहे. जमीन कर्जातून सुटत नाही. वडिलांचा हिस्सा आता भावाच्या हाती आहे एवढंच, आणि बँक त्याच्याकडे येईल. शिवाय नोटीस आल्यावर घाईघाईनं केलेलं हक्कसोड किंवा बक्षीसपत्र धनकोला चकवण्यासाठी केल्याचं दिसलं तर ते रद्द होऊ शकतं.

इथपर्यंत आपण एकच बाजू पाहिली, मागे काय उरलं याची. दुसरी बाजू मुळात जामीनकीचं देणं किती, याची; आणि कॅश क्रेडिटच्या बाबतीत ती फार कमी लोक तपासतात. वारसांनी द्यायची रक्कम या दोन आकड्यांपैकी जो लहान तो.

घरकर्जासारखं एकदाच दिलेलं कर्ज वेगळं. कॅश क्रेडिट हे चालतं खातं असतं; दुकानदार रोज पैसे भरतो, रोज काढतो. त्यासाठी दिलेली हमी ही चालू हमी. करार अधिनियमाचं कलम १३१ सांगतं की, विरुद्ध करार नसेल तर जामीनदाराच्या मृत्यूनं चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती रद्द होते. म्हणजे मृत्यूच्या तारखेला खात्यात एक रेघ ओढायची. गुरुजी गेले त्या दिवशी खात्यात ८ लाख ४० हजार येणं होतं. त्यानंतर डिसेंबरपर्यंत मित्रानं ७ लाख १० हजार काढले आणि ५ लाख ६० हजार भरले; शिल्लक येणं ९ लाख ९० हजारांवर गेलं आणि व्याज-दंडव्याजानं ते १३ लाख ६० हजार झालं. मृत्यूनंतर काढलेल्या ७ लाख १० हजारांना गुरुजींची हमी लागू नाही.

आणि भरलेल्या ५ लाख ६० हजारांचं काय? कर्जदारानं किंवा बँकेनं ते पैसे अमुक देण्यापोटी असं वेगळं ठरवलेलं नसेल तर कलम ६१ प्रमाणे भरणा सर्वांत जुन्या देण्यात आधी वळता होतो. मृत्यूच्या दिवशीचं येणं जुनं, नंतरची उचल नवी. म्हणून ८ लाख ४० हजारांतून ५ लाख ६० हजार गेले आणि गुरुजींच्या हमीखाली २ लाख ८० हजार राहिले. त्यावरचं व्याज धरूनही मागणी चार लाखांच्या आत येते. सावध बँका हे जाणतात, म्हणून जामीनदार गेल्याचं कळताच जुनं खातं गोठवतात आणि पुढचा व्यवहार नव्या खात्यात घेतात. ज्या बँकेनं तसं केलं नाही, तिच्या वारसांवरच्या मागणीला खातेउताऱ्यानंच उत्तर मिळतं. म्हणून पहिली मागणी करायची ती मृत्यूच्या तारखेपासूनच्या पूर्ण उताऱ्याची आणि मूळ हमीपत्राच्या प्रतीची.

हमीपत्राची प्रत कशासाठी? ‘विरुद्ध करार नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. छापील हमीपत्रांत बहुधा बारीक अक्षरांत एक कलम असतं: जामीनदाराच्या मृत्यूनंतरही हमी चालू राहील, वारसांनी लेखी कळवेपर्यंत, आणि हमी खात्यातल्या अखेरच्या शिल्लक येण्यासाठी राहील. असं कलम असेल तर ही रेघ ओढता येत नाही आणि गुरुजींच्या वारसांची मर्यादा पुन्हा मागे उरलेल्या सहा लाखांवर जाते. पण लेखी कळवण्याची सोय त्याच कलमात असेल, तर मृत्यूनंतर जितक्या लवकर पत्र जाईल तितकी पुढची उचल हमीबाहेर राहते. वडील कुणाला जामीन आहेत याची जराही शंका असली तर मृत्यूच्या दाखल्यासह त्या बँकेला पत्र देऊन पोच घ्यावी. आणि मृत्यूनंतर बँकेनं मित्राची मर्यादा दहाची पंधरा लाख केली असेल, तर हमीपत्र दहा लाखांचंच आहे हे लेखी सांगावं.

वसुलीचा माणूस घरी येतो तेव्हाचं एक धोक्याचं वळण आहे. तो गोड बोलतो. ‘नोटीस मागे घेतो, फक्त नूतनीकरणाच्या कागदावर सही करा, तुमच्या वडिलांच्या जागी.’ ही सही केली की मुलगा वारस राहत नाही, तो स्वतः जामीनदार होतो. मग वर केलेला सगळा हिशेब निरुपयोगी. थकबाकी मान्य असल्याच्या छापील पत्रावर किंवा हप्ते बांधून घेण्याच्या अर्जावरही स्वतःच्या नावानं सही करू नये. उत्तर द्यायचंच, पण ‘मयताचा वारस म्हणून, त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतं’ या शब्दांत.

सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर दिवाणी दाव्याऐवजी ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. तिथली नोटीस आली की तारखेला हजर राहून यादी, पावत्या आणि खातेउतारा तेव्हाच दाखल करावा, आणि दाखला निघालाच तर त्यात वारसांची जबाबदारी मयताच्या मालमत्तेपुरती असल्याचं लिहून घ्यावं. एकदा दाखला हाती पडला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. १३ लाख ६० हजारांच्या दाखल्यावर ६ लाख ८० हजार. जे कुटुंब मुळात चार लाखही देणं लागत नाही, त्याला दाद मागण्यासाठी त्याहून जास्त भरायला लागणं हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम तसा आहे. अर्जाची तारीखही पाहावी. वडील गेल्यानंतर त्यांच्याच नावानं कारवाई दाखल केली असेल आणि वारसांना बोलावलंच नसेल, तर मेलेल्या माणसाविरुद्ध झालेला तो आदेश टिकत नाही.

आणि पैसे भरावे लागलेच तर? ज्याचं कर्ज होतं तो मित्र मोकळा होत नाही. कलम १४५ प्रमाणे जामीनदारानं रास्तपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते, आणि हा हक्क वारसांकडेही येतो. मित्राचे हात रिकामे असतील तर दुसरा जामीनदार, म्हणजे त्याचा मेहुणा, निम्म्या वाट्याला बांधलेला आहे. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी, वेगळं ठरलं नसेल तर, बोजा सारखा उचलायचा. हमीखालचे २ लाख ८० हजार आणि त्यावरचं व्याज गुरुजींच्या घरानं भरलं, तर त्यातलं अर्धं मेहुण्याकडे मागता येईल. यासाठी भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत असते. बँकेकडून पावती घेताना तिच्यावर ‘मयत जामीनदाराच्या मालमत्तेतून, हमीपोटी’ एवढे शब्द लिहून घ्यावेत, आणि दुकानातल्या मालाच्या तारणाच्या कागदांची प्रत त्याच दिवशी मागावी. हमीखालचं सगळं येणं फेडल्यावर त्या तारणावर बँकेचे जे हक्क होते, ते कलम १४० आणि १४१ प्रमाणे जामीनदाराच्या वारसांकडे येतात.